भाजणी आधी की वर्ग आधी?

*मी नाशिकला एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. जीएसटीचे रिटर्न माझ्याकडेच असतात. शनिवारी अर्धा दिवस, रविवारी सुट्टी. घरचं सगळं उरकून आठवड्याचे जेमतेम सहा तास माझे म्हणता येतील. वर्षभर बरंच काही डोक्यात घोळवून शेवटी दोनच गोष्टी उरल्या आहेत. एक, थालीपीठाची भाजणी करून विकायची. दुसरी, सोसायटीतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी मराठी वाचनाचा वर्ग घ्यायचा. दोन्ही मला जमतं, त्यासाठी पंधरा हजार बाजूला ठेवले आहेत, नोकरी सोडायची नाही. नवरा म्हणतो, एक धर, तडीला ने, मग दुसऱ्याचं बघ. मैत्रीण म्हणते, दोन्ही लाव, जे चालेल ते ठेव. शाळा आता सुरू झाल्या आहेत, म्हणून घाई वाटते. दोन्ही एकदम आजमावू की एकापाठोपाठ एक?*
*– एक वाचक, नाशिक*

ताई,

आधी भाजणीची एक छोटी खेप करा, आणि ती लोकांच्या घरी संपत असेल तेव्हा वर्गाचे चार शनिवार घ्या. दोन्हींचं काम एकाच आठवड्यात येऊ देऊ नका. पण भाजणीचा निकाल लागेपर्यंत वर्ग अडवूनही ठेवू नका. मिस्टर आणि मैत्रीण, दोघांचंही म्हणणं तसंच्या तसं घेतलं तर तुमचं नुकसान होईल. ते कसं, आणि ही मधली वाट तारखांनिशी कशी बसते, ते सांगते.

कुठलीही कल्पना आजमावताना त्यात दोन प्रकारचा वेळ जातो. एक हाताला काम असतो तो, आणि दुसरा नुसता वाट बघण्यात जातो तो. आपण हिशेब करतो तो पहिल्याचाच. तुमच्या दोन्ही कल्पनांमध्ये मात्र दुसरा वेळ कितीतरी जास्त आहे.

भाजणीचं बघा. पाच किलो भाजणीसाठी साडेपाच किलोच्या आसपास धान्य-डाळी घ्याव्या लागतील, कारण भाजताना वजन थोडं उतरतं आणि थोडं पीठ गिरणीत राहतं. निवडायला एक तास. भाजायला अडीच, कारण ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ सगळं वेगवेगळं भाजायचं. प्रत्येकाला आच वेगळी लागते आणि वेळही. गिरणीत जाऊन-येऊन पाऊण तास, पाकिटं भरून लेबलं लावायला एक, पोचवायला पाऊण. झाले सहा तास, म्हणजे तुमचा अख्खा आठवडा. त्यातून अर्ध्या किलोची दहा पाकिटं होतील.

पण ती दहा पाकिटं विकली गेली म्हणून तुम्हाला काही कळलं असं होत नाही. पहिलं पाकीट लोक ओळखीपोटी घेतात, भिडेपोटी घेतात, 'घरचं आहे' म्हणून घेतात. तुम्हाला हवं असलेलं उत्तर दुसऱ्या पाकिटात आहे: पहिलं संपल्यावर कोणी आपणहून पैसे देऊन पुन्हा मागवतं का? एका थालीपीठाला साठेक ग्रॅम भाजणी लागते. चौघांच्या घरी माणशी दोन धरली तर अर्धा किलो एका बैठकीतच संपतो, लहान कुटुंबात दोनदा पुरतो. थालीपीठ रोज होत नाही, आठ-दहा दिवसांनी एकदा होतं. कोणी पाकीट आणल्या दिवशी उघडत नाही, कोणी आठवडाभर डब्यात ठेवतं. म्हणजे दुसऱ्या मागणीचं खरं चित्र दिसायला चार आठवडे तरी द्यायला हवेत. त्या चार आठवड्यांत भाजणीसाठी तुमच्या हाताला काम जवळपास नाही. ही प्रतीक्षा पैसे ओतून किंवा रात्री जागून कमी होत नाही.

वर्गाचंही तसंच, फक्त उलट्या अंगाने. तिथे काम थोडं आणि सलग आहे. शनिवारी एक तास शिकवायचं, त्याची तयारी एक तास. पण चार शनिवार म्हणजे चार शनिवारच लागतात, ते एका रविवारी उरकता येत नाहीत. पालकांशी बोलणं, फी घेणं यासाठी आणखी दोन तास धरा. सगळे मिळून दहा.

भाजणीचे सहा, शिवाय अर्ज, मागण्या घेणं, निरोप यांचे दोन, म्हणजे आठ. वर्गाचे दहा. एकूण अठरा. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे पन्नासेक तास आहेत. तास कमी पडत नाहीत, ते एकाच आठवड्यात कोंबले तर कमी पडतात. मैत्रिणीच्या सल्ल्याने दोन्हींचा नारळ एकाच शनिवारी फोडलात, तर त्या आठवड्यात भाजणीचे सहा आणि वर्गाचे चार असे दहा तास लागतील आणि हातात असतील सहा.

मग काय होतं तेही बघा. शनिवारी वर्ग झाला, पाहुणे येऊन गेले, रात्री दहाला तुम्ही कढई चढवली. उडीद डाळ मंद आचेवर गुलाबीसर होईपर्यंत थांबायला हवं, हरभरा डाळ आतपर्यंत खमंग व्हायला हवी. पण घड्याळ बघून आच वाढवली की डाळ बाहेरून डागते आणि आत कच्ची राहते. दोन डाळी एकत्र टाकल्या की एक करपते, दुसरी तशीच राहते. सकाळी दळून आणलेलं गरम पीठ गार व्हायला वेळ नाही म्हणून तसंच पाकिटात भरलं. आत वाफ धरली, पावसाळी हवा, आठ दिवसांत गुठळ्या आणि कुबट वास. मग दहांपैकी एकाच घरातून पुन्हा मागणी आली. आता तुम्ही काय समजायचं? नाशिकमध्ये घरच्या भाजणीला गिऱ्हाईक नाही, की त्या रात्रीची भाजणी बिघडली होती? याचं उत्तर तुम्हाला कधीच मिळणार नाही, आणि तुम्ही एक चांगली कल्पना कायमची सोडून द्याल. दोन गोष्टी एकदम केल्याचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. दमणूक होते ती वेगळी, पण दमून मिळालेलं उत्तरही भरवशाचं नसतं.

दुसरं एक नुकसान लगेच लक्षात येत नाही. एकाच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच आठवड्यात 'भाजणी मिळेल' आणि 'मराठीचा वर्ग सुरू करत आहे' असे दोन निरोप गेले, तर लोक तुमच्या शब्दाखातर दोन्हींपैकी एक काहीतरी करतात. शेजाऱ्यांकडे एका वेळी एकच भीड चालते. ज्यांनी वर्गाला मूल घातलं असतं त्या घरातून १३० रुपयांचं पाकीट नेलं जातं आणि त्यांच्या मनाने ते मोकळे होतात. तुम्हाला वाटतं, भाजणी चालली आणि वर्ग पडला. खरं तर लोकांनी त्यातलं स्वस्त ते निवडलेलं असतं. म्हणून गिऱ्हाईकंच वेगळी ठेवा. भाजणी तुमच्या ऑफिसात आणि मिस्टरांच्या ऑफिसात, वर्ग सोसायटीत. हे निरोप एकमेकांत मिसळू देऊ नका.

आता मिस्टरांचं म्हणणं. एक तडीला नेऊन मग दुसरं, हे ऐकायला शहाणपणाचं आहे, आणि ज्या कामात हात सतत गुंतलेले राहतात तिथे मीही तेच सांगितलं असतं. पण तुमचं कॅलेंडर त्याला साथ देत नाही. भाजणीचं उत्तर ऑगस्टच्या शेवटी येईल. त्यानंतर वर्ग सुरू करायचा म्हटलं तर यंदा अधिक महिना येऊन गेल्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यात आहेत. त्या महिन्यात मुलांचे चार शनिवार सलग मिळणार नाहीत. ऑक्टोबरात शाळांच्या सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. वर्ग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होईल आणि त्याचं उत्तर डिसेंबरात मिळेल. अठरा तासांच्या कामाला सहा महिने. तेवढ्यात उत्साहही ओसरतो आणि शाळेच्या सुरुवातीला पालकांच्या मनात असलेली निकडही.

ती निकड खरी आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांमध्ये, सीबीएसई-आयसीएसई धरून, मराठी सक्तीची झाली. या मुलांना मराठी बोलता येतं, पण वाचताना 'र' आला की ती अडतात. 'सूर्य'मधला, 'प्रकाश'मधला आणि 'ट्रक'मधला, तिन्ही ठिकाणी र वेगळा दिसतो. घरी हे शिकवायला आईबाबांना वेळ नसतो आणि बऱ्याचदा त्यांचंही शिक्षण इंग्रजीतलं असतं. शाळेची नवी पुस्तकं नुकतीच हातात पडली आहेत, अडचण ताजी आहे. ऑगस्टपर्यंत विचारलंत तर पालक ऐकतील.

म्हणून तारखा अशा धरा.

या आठवड्यात एक संध्याकाळ फक्त अन्नपरवान्यासाठी द्या. घरून विकायच्या भाजणीलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. ओळखीतल्या दहा पाकिटांसाठी कशाला, असं म्हणू नका. अर्ज foscos.fssai.gov.in वर होतो, छोट्या व्यवसायाच्या नोंदणीला फोटो, ओळखपत्र आणि किरकोळ फी लागते. सात दिवसांत नोंदणी किंवा तपासणीची सूचना यावी असा नियम आहे, आणि तपासणी निघाली तर महिनाभर धरून चालावं. इथेही काम एका संध्याकाळचं, बाकी वाट बघणं. म्हणून ते सगळ्यात आधी. चौदा आकडी नंबर हातात आला की तो लेबलवर घालायचा. शिवाय निव्वळ वजन, घटक, पॅक केल्याची तारीख आणि किती दिवसांत वापरावं हे. घटकांमध्ये गहू असेल तर तो ठळक लिहा, काहींना चालत नाही. त्याच संध्याकाळी आपलं नेमणूकपत्रही एकदा काढून वाचा, नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करण्याबद्दल काही अट आहे का ते.

जुलैच्या पहिल्या वीस दिवसांत याहून जास्त काही करू नका. ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० तारखेचा ३बी यांच्यामध्ये तुमचे सहा तास सहा नसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात मागणी तेवढी घ्या, तीही आगाऊ पैसे घेऊन. "केलीस की मला सांग" म्हणणाऱ्यांची यादी करू नका. ज्याने १३० रुपये यूपीआयने पाठवले त्याचंच नाव लिहा. नऊ नावं पुरेत.

खेप २६ जुलैच्या रविवारी करा. शनिवारी, २५ ला, आषाढी एकादशी आहे. तुमचा उपवास असेल तर त्या दिवशी भाजणं नकोच, कारण दाणा भाजला गेला की नाही हे शेवटी जिभेवरच कळतं. शनिवारी संध्याकाळी धान्य निवडून ठेवा, रविवारी सकाळी भाजा. पावसाळ्यात धान्य किंचित दमट असतं, ऊन दाखवायची सोय नसते, त्यामुळे प्रत्येक घाण्याला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल हे धरून चाला. धणे, जिरे, मेथी शेवटी, नुसती गरम होऊन वास सुटेपर्यंत. सगळं पूर्ण गार झाल्यावर संध्याकाळी गिरणीत न्या. पीठ घरी आणून परातीत पसरून, वर पातळ कापड टाकून रात्रभर गार होऊ द्या आणि सोमवारी रात्री पाकिटं भरा. दहावं पाकीट विकू नका. ते बंदच स्वयंपाकघरात ठेवा आणि तिसाव्या दिवशी उघडून वास घ्या, चिमूटभर तोंडात टाका, एक थालीपीठ लावा. पावसाळ्यात महिनाभर टिकली तर लेबलवर महिनाभराची मुदत निर्धास्तपणे लिहिता येईल. खवट किंवा कुबट वाटली तर मागणी कितीही असली तरी आधी ते सोडवावं लागेल.

पाकिटं मंगळवारी पोचली की भाजणीला हात लावायचा नाही. कोणाला 'कशी झाली?' विचारायचंही नाही. विचारलं की लोक 'छान' म्हणतात आणि वर शरमेपोटी आणखी एक मागवतात. मग त्या मागणीवर विसंबता येत नाही.

त्याच आठवड्यात सोसायटीत वर्गाचं बोला. ग्रुपवर जाहिरात टाकण्यापेक्षा तिसरी-चौथीत मूल असलेल्या आठ-दहा आयांना एकेकट्या गाठा. एकाच पातळीची मुलं असू द्या. पहिलीचं आणि सहावीचं एकत्र बसवलंत तर कोणालाच काही मिळणार नाही, आणि पुन्हा तोच गोंधळ, की कल्पना चुकली की मांडणी. वर्ग १, ८, २२ आणि २९ ऑगस्टला, संध्याकाळी पाच वाजता. १५ ऑगस्ट शनिवारीच आला आहे, तो सोडा. फी चारही शनिवारांची एकदम, समजा ५००, आणि पहिल्या दिवसाच्या आधी. एक दिवस फुकट बसवून बघू, असं करू नका. फुकट तासाला पंधरा मुलं येतात आणि त्यावरून काहीच ठरत नाही. चार ते सहा मुलं मिळाली तर सुरू करा. तीनच मिळाली आणि बाकीच्या आया 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाल्या, तर तेही एक उत्तरच आहे, आणि ते तुम्हाला दोन तासांत मिळालं.

वर्गात लक्ष तिसऱ्या शनिवारवर ठेवा. पहिल्याला नवलाई असते, दुसऱ्याला फी भरलेली असते म्हणून पाठवतात. २२ तारखेला, मध्ये एक शनिवार सुटल्यानंतर, किती मुलं येतात ते बघा. आणि एक साधी खूण: पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून त्याच्याच शाळेच्या पुस्तकातला एक उतारा वाचून घ्या, कुठे अडलं त्यावर पेन्सिलने टिंब द्या. शेवटच्या दिवशी तोच उतारा पुन्हा. टिंबं कमी झाली असतील तर पालकांना काही सांगावं लागत नाही, पुस्तक दाखवलं की पुरे.

२३ ऑगस्टला, म्हणजे भाजणीला बरोबर चार आठवडे झाल्यावर, घेतलेल्या सगळ्यांना एकच निरोप पाठवा: '३० तारखेला पुन्हा भाजणी करतेय, हवी असल्यास गुरुवारपर्यंत पैसे पाठवा.' बस. दुसरी आठवण नाही. श्रावणात काही घरांत उपवासाचे वार वाढतात आणि एखाद्याचं पाकीट उरलेलं असू शकतं, तेवढी सूट मनात धरा.

निकालाची रेघ मात्र आताच, अर्ज भरायच्या संध्याकाळीच, वहीत आखून ठेवा. नऊंपैकी नणंद, मावशी, जिवलग मैत्रीण ही नावं बाजूला काढा. समजा सात उरली. सातांतल्या तिघांनी किंवा जास्त जणांनी पुन्हा पैसे पाठवले तर भाजणी पुढे न्यायची. एकाने किंवा कोणीच नाही तर सोडायची. दोघांनी पाठवले तर आणखी एक खेप, नव्या सात जणांना. वर्गात पाचांतली चार मुलं तिसऱ्या शनिवारी आली आणि तीन पालकांनी सप्टेंबरची फी न मागता विचारली तर पुढे. इतक्या कमी माणसांत तीन आणि चार यांतला फरक काहीच नसतो, म्हणून त्यावर रात्र घालवू नका. असल्या छोट्या परीक्षेतून फक्त मोठा फरक कळतो, आणि तुम्हाला आत्ता तेवढाच कळायला हवा आहे.

रेघ आधी आखायचं कारण, दोन कल्पना शेजारी-शेजारी असल्या की मन त्यांची एकमेकींशी तुलना करू लागतं. वर्गाला दोनच मुलं टिकली आणि भाजणी एकानेच मागवली, तर वर्ग 'जिंकला' असं वाटतं. खरं तर दोन्ही पडलेले असतात. प्रत्येक कल्पना तिच्या स्वतःच्या रेघेशी ताडून बघा, दुसरीशी नाही.

तुलना करायचीच झाली तर तासांची करा, कारण तुमच्याकडे कमी आहेत ते तासच, पंधरा हजार नाहीत. या दोन्ही परीक्षांना तेवढे लागणारही नाहीत. मी आकडे अंदाजाने धरते, तुम्ही तुमचे टाका. दहाही पाकिटं विकली असं धरलं तर १,३०० आले. धान्य, गॅस, दळण, पाकिटं मिळून ७०० गेले. उरलेले ६०० भागिले सहा तास, म्हणजे तासाला १००. वर्गात पाच मुलांचे २,५०० आले, खर्च नगण्य, दहा तास लागले, म्हणजे तासाला २५०. पण इथे घाई करू नका. दहा किलोची खेप केली तर गिरणीची फेरी एकच राहते, निवडणं-भाजणं तेवढं वाढतं. नऊएक तासांत १,२०० उरले तर तासाला १३० च्या पुढे जाता. वर्गातही दुसऱ्या महिन्यात तयारीचा वेळ निम्म्यावर येईल, कारण पहिल्या महिन्याचे तक्ते हाताशी असतील. म्हणून दोन्हीकडे प्रत्यक्ष लागलेले तास त्याच दिवशी वहीत लिहा. महिन्याने आठवून लिहिलेले तास नेहमी कमी भरतात.

नोंदणीत तपासणी निघून २५ जुलैपर्यंत नंबर आला नाही, तर क्रम उलटा करा. वर्ग त्याच तारखांना होऊ द्या आणि भाजणी ३० ऑगस्टला करा. मग तिचं उत्तर गणपती उरकल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी मिळेल. तेही चालेल. त्यापुढे मात्र भाजणी ढकलू नका. दिवाळीच्या तोंडावर चकलीच्या भाजणीची मागणी इतकी असते की कोणाचीही विकली जाते, आणि त्यावरून फेब्रुवारीत थालीपीठाची भाजणी कोण घेईल हे कळत नाही.

आणि घरात आजारपण आलं, किंवा ऑफिसात ऑडिट लागलं आणि सहाचे तीन तास झाले, तर दोन्ही थोडं-थोडं करत राहू नका. जे सुरू झालेलं आहे ते तेवढं पूर्ण करा आणि दुसऱ्याच्या तारखा सरळ पुढे न्या. वर्गाची फी घेतलेली असेल तर वर्ग आधी, कारण तिथे पाच मुलं दारात उभी राहणार आहेत. भाजणीची पाकिटं पोचलेली असतील तर तिथे तसंही तुम्हाला फक्त २३ तारखेचा एक निरोप पाठवायचा आहे.

दोन्ही रेघेच्या वर गेले तर एक सोडावं लागेल अशी भीती तुमच्या पत्रात जाणवते. तसं होणार नाही. वर्गाचे आठवड्याला दोन तास म्हणजे महिन्याला आठ. भाजणीची महिन्याला एकच खेप, २० तारखेनंतरच्या रविवारी, आगाऊ पैसे घेऊन, मोठी केली तरी नऊ तास. सतरा झाले. महिन्याचे चोवीस तुमच्याकडे आहेत. उरलेल्या सात तासांत तिसरं काही सुरू करू नका, निदान दिवाळी होईपर्यंत.